पंचेचाळीस हजार, अधिक-वजा दीड

शाळेचा हिशेबनीस दुसरी नोकरी धरून निघून गेला आणि पुढच्या वर्षाची फी ठरवण्याचे काम विज्ञानाच्या मास्तरांच्या गळ्यात पडले. मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे साधे होते: ज्याला प्रकाशाचा वेग तोंडपाठ आहे, त्याला विजेचे बिल जड जाऊ नये. मास्तरांनी हा युक्तिवाद तपासून पाहिला, त्यात निदान तीन दोष काढले आणि काम स्वीकारले. कारण चौथा माणूस शाळेत नव्हता, आणि पहिल्या तिघांनी आधीच हात वर केले होते.

मास्तरांना काम आवडले, ही खरी अडचण. फी म्हणजे दुकानदाराने पाटीवर लिहिलेला भाव असतो, अशी त्यांची आजवरची समजूत होती. ती निघाली साधा भागाकार. वर वर्षाचा खर्च, खाली मुले. पण वरचे आणि खालचे दोन्ही आकडे अजून घडलेलेच नव्हते. पुढच्या वर्षी वीज किती जळेल, किती बाके मोडतील, किती मुले मध्येच शाळा सोडतील, हे सगळे अंदाज. आणि अंदाजाला मास्तर आयुष्यभर एकाच पद्धतीने वागवत आले होते: आकडा लिहायचा आणि शेजारी तो किती चुकू शकतो तेही लिहायचे. प्रयोगवहीत अधिक-वजा न लिहिणाऱ्या मुलाचे ते अर्धे गुण कापत. स्वतःचे गुण कापून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

पगार आणि कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी मिळून बासष्ट लाख चाळीस हजार. इमारतीचे भाडे आणि डागडुजी तेरा लाख वीस. वीज, पाणी, फोन चार लाख ऐंशी. प्रयोगशाळा, पुस्तके आणि खेळाचे सामान पाच लाख साठ. विमा, लेखापरीक्षण आणि कार्यालय तीन लाख. जुने संगणक आणि बाके बदलायची म्हणून बाजूला टाकायचे चार लाख. बेरीज त्र्याण्णव लाख. त्यावर अडीअडचणीसाठी तीन लाख राखीव. त्यातून सुटीच्या दिवशी सभागृह भाड्याने देऊन मिळणारे आणि थोडे अनुदान, असे सहा लाख वजा. उरले नव्वद लाख. ते फीतून यायला हवेत.

आणि या बासष्ट लाखांच्या पोटात तीन लाख साठ हजारांची एक अर्धवेळ जागा होती. ती वाचनताईंची.

वाचनताई म्हणजे वाचनात मागे पडलेल्या मुलांना एकेक करून शेजारी बसवणाऱ्या बाई. त्यांची खोली जिन्याखाली. तिथे उंच माणसाला ताठ उभे राहता येत नसे, म्हणून तिथे कोणी ताठ्याने वागतही नसे. त्यांना शाळेत आणण्यासाठी दोन वर्षांपूर्वी मास्तरच भांडले होते. त्यांची नेमणूक एकेका वर्षाची. विश्वस्त मंडळाने कळवले होते की पालकसभेत नवी फी मंजूर झाली नाही तर जुनीच, एक्केचाळीस हजारांची फी चालू राहील. मग आठ लाखांची तूट पडेल आणि कात्री सगळ्यात आधी जिन्याखालच्या खोलीवर चालेल.

"माझ्यासाठी रडगाणं गाऊ नका, मास्तर," ताई त्यांना म्हणाल्या. "आकडा सांगा आणि खाली बसा. तुम्ही बोलायला लागलात की लोकांना शंका यायला लागतात."

सभेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तो आकडा घरी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला: पंचेचाळीस हजार, अधिक-वजा दीड हजार. त्यांची बायको औषधांच्या दुकानात काम करी. तिने हातातले भांडे खाली ठेवले.

"अहो, मी गिऱ्हाइकाला म्हटलं की दोन गोळ्या घ्या, अधिक-वजा एक, तर तो मला काय म्हणेल?"

"प्रामाणिक म्हणेल."

"तो तीन घेईल. किंवा एक. आणि दोन्ही वेळा भांडायला माझ्याकडेच येईल."

मुख्याध्यापिकाबाई तर सभेच्या दिवशी, लोक आत येऊ लागले तेव्हाही, फळ्याकडे बोट दाखवून कुजबुजत होत्या. "मास्तर, ते शेपूट पुसा. तुमच्या पाया पडते."

"ते शेपूट नाही, बाई. तो आकड्याचाच भाग आहे."

"मग आकड्याचा तेवढा भाग पुसा."

मास्तरांनी पुसला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सभागृहातल्या मोठ्या खुर्च्या कोणीतरी समारंभासाठी भाड्याने नेल्या होत्या, म्हणून शिपायांनी पहिली-दुसरीच्या वर्गांतली बाके आणून मांडली होती. सव्वाशेच्या आसपास प्रौढ माणसे, गुडघे हनुवटीला टेकवून, त्या बाकांवर बसली. गुडघे हनुवटीशी आले की माणूस फार वेळ गंभीर राहू शकत नाही, असे मास्तरांच्या ध्यानात आले. पण ते जरा उशिरा. मागच्या दाराशी कोपऱ्यात वाचनताई उभ्या होत्या. जिन्याखालच्या सवयीने इथेही त्यांची मान किंचित वाकलेली होती.

खर्चाचे आकडे शांतपणे पार पडले. नव्वद लाखांवर रेघ ओढली तेव्हा पुढच्या बाकावरचे कंत्राटदार उठले. इमारती बांधणारा भारदस्त गृहस्थ. उठताना बाकही त्यांच्याबरोबर उठले आणि मग नाइलाजाने खाली आले.

"मास्तर, मुलं दोनशे चाळीस. नव्वद लाख भागिले दोनशे चाळीस." त्यांनी फोनवर बोट आपटले. "साडेसदतीस हजार. जुन्या फीपेक्षाही कमी. आणि तुम्ही सांगताय पंचेचाळीस. मधले साडेसात कुठल्या भिंतीत गेले?"

टाळ्या पडल्या. मास्तर खूश झाले. वर्गात कोणी नेमकी चूक केली की त्यांना असेच व्हायचे.

"सगळी मुलं पूर्ण फी भरत नाहीत," ते म्हणाले. "बारा जागा माफीच्या. त्या गेल्या. चाळीस मुलांची मोठी भावंडं इथंच आहेत. त्यांना निम्मी फी. म्हणजे ती चाळीस हिशेबाला वीसच. आणि दर वर्षी काही मुलं मध्येच शाळा सोडतात, फी बुडते. मागच्या तीन वर्षांत सात, नऊ, आठ. आठ धरली. दोनशे चाळीसमधून बारा, वीस आणि आठ गेले की उरतात दोनशे. नव्वद लाख भागिले दोनशे."

"म्हणजे माझी धाकटी अर्धीच आहे तर," मधल्या बाकावरचा बसचालक म्हणाला. "घरी खाते मात्र दीडपट."

हशा झाला, कंत्राटदार खाली बसले आणि प्रकरण इथेच संपायला हरकत नव्हती. पण फळ्यावर शेपूट होते.

"ते पुढचं काय लिहिलंय?" दंतवैद्य बाईंनी विचारले. त्या दवाखान्यातून तशाच आल्या होत्या, मास्क गळ्यात. "अधिक-वजा दीड हजार?"

मास्तरांनी सांगितले. मुलांचा अंदाज सहांनी इकडेतिकडे होऊ शकतो. त्याने फी साडेतेराशेने हलते. खर्चाचा अंदाज एक लाख वीस हजारांनी चुकू शकतो, त्याने सहाशेने. दोन्ही चुका एकाच दिशेने होतीलच असे नाही, म्हणून त्यांची सरळ बेरीज करायची नाही. वर्ग करायचे, मिळवायचे, वर्गमूळ काढायचे. सुमारे दीड हजार.

 मग कंत्राटदारांच्या चेहऱ्यावर, फुकट वाळू मिळालेल्या माणसाचे हसू उमटले.

"म्हणजे फी साडेत्रेचाळीसही असू शकते."

"असू शकते."

"आणि साडेशेहेचाळीसही."

"हो."

"मग आम्ही वजावाली घेतो." ते मागे वळले. "मंडळी, अधिकवाली कोणाला हवी आहे का? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. "वजा, वजा," मागून कोणीतरी लयीत म्हणाले, आणि सभेने ते उचलून धरले. बाके ठेका धरू लागली. बसचालक उठून म्हणाला की आपली बस उद्यापासून साडेसातला, अधिक-वजा अर्धा तास येईल आणि कोणी तक्रार करायची नाही. दंतवैद्य बाई म्हणाल्या, "मीही आता सांगणार, एक दात काढायचाय, अधिक-वजा दोन." त्यावर कोणी म्हणाले की वजा दोन म्हणजे तुम्ही एक दात बसवून द्यायचा. एका आजोबांनी आपले वय सांगितले, अधिक-वजासहित, आणि शेजारच्या आजींनी त्यातला वजा काढून टाकला. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्या प्रार्थना करत असाव्यात, किंवा नव्या हिशेबनिसाच्या जाहिरातीचा मजकूर जुळवत असाव्यात.

"वजा घेता येईल," मास्तर म्हणाले.

ठेका थांबला. विरोधाची तयारी करून बसलेल्यांना होकार मिळाला की ते गोंधळतात.

"दीड हजार गुणिले दोनशे, किती?"

"तीन लाख," वर्गातल्यासारखे चार-पाच आवाज आले.

"आणि अडीअडचणीसाठी राखीव किती ठेवलेत?"

"तीन लाख," आता सगळे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना कळले.

"ते तीन लाख मी हवेतून काढले नाहीत. अंदाज चुकला तर जेवढे कमी पडतील तेवढेच ते आहेत. फी साडेत्रेचाळीस केली तर राखीव रक्कम वर्ष सुरू होण्याआधीच संपली. मग एक नळ फुटला तरी बादली तुमच्या घरून आणावी लागेल."

"माझ्याकडे बादल्या भरपूर आहेत," कंत्राटदार म्हणाले. पण आवाजात पहिली वाळू राहिली नव्हती. ते हार मानणारे नव्हते. त्यांनी हातातली खर्चाची यादी उलटसुलट केली. "बरं, राखीव राहू द्या. मग एखादा खर्चच काढू. ही अर्धवेळ जागा, वाचनाची. तीन लाख साठ. अठराशे पडतात डोईवर. वाचायला सगळेच मास्तर शिकवतात ना? मग एकाच खोलीला दोन छपरं कशाला?"

काही माना हलल्या. मास्तरांनी मागच्या दाराकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तोल गेला असता, आणि ताईंनी ते बजावून ठेवले होते. आपण फार हुशारीने हरत आहोत, असे त्यांना वाटून गेले. तो अधिक-वजा पुसला असता, तर लोक यादीच्या इतक्या खोलात शिरले नसते. त्यांनी फळ्याकडे पाहिले आणि तिथे त्यांना एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस शेजारी बसून होती.

"थांबा," ते म्हणाले. "या दीड हजारांत खर्चाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा मुलांच्या संख्येचा. खर्चाचं मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ठाऊक नाही ते तुमचं. तुमचं मूल वर्षभर राहणार की मध्येच जाणार, हे मला माहीत नाही, म्हणून मी आठ जागा आधीच बुडीत धरल्या आणि वर सहांची चूक धरली. हे अधिक-वजा माझं नाही. ते या बाकांवर बसलंय."

एकशे वीसच्या वर माणसांनी एकमेकांकडे, आपल्यापैकी अधिक कोण आणि वजा कोण, अशा नजरेने पाहिले.

"मग आम्हालाच विचारा की," दंतवैद्य बाई म्हणाल्या.

इतके सोपे असेल हे मास्तरांना सुचले नव्हते. मोजायची वस्तू बोलू शकते, हा अनुभव त्यांच्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता.

"पुढचं पूर्ण वर्ष मूल इथंच ठेवणार, हे ज्यांना आज सांगता येतं, त्यांनी हात वर करावा. एका मुलाला एक हात."

हातांचे रान उगवले. ज्यांची दोन मुले होती त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ते शरण आलेल्या सैनिकांसारखे दिसू लागले. बसचालकाने दोन्ही हात वर करून विचारले, "तिसरं दोन वर्षांनी यायचंय, त्यासाठी पाय वर करू का?" त्याच्या बायकोने त्याला तिथेच दाबून बसवले, बाक फार उंच नसल्याने ते सोपे गेले. ज्यांनी हात वर केले नव्हते त्यांच्याकडे शेजारी संशयाने पाहू लागले. एका गृहस्थांनी घाईने खुलासा केला की त्यांची बदली होणार आहे, ते पळपुटे नाहीत. सभेने त्यांना उदारपणे माफ केले.

मास्तर ओळीओळीने मोजत पुढे आले आणि पहिल्या बाकाशी अडले. कंत्राटदारांचा हात उंच होता. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नीचा हात होता, पण तो कोपरात वाकवून खांद्यापर्यंतच.

"वहिनी, हा वर आहे की खाली?"

"अर्धा आहे," त्या म्हणाल्या.

"अर्धं काही नसतं, वहिनी. मोठ्याचा एक, धाकट्याचा एक."

"मोठ्याचा ह्यांनी केलाय. हा धाकट्याचा. वाचनताई असल्या तर पूर्ण वर, नसल्या तर नाही. म्हणून अर्धा."

कंत्राटदारांचा हात हळूहळू खाली आला. "ताईंचं आपल्याकडे काय?"

"धाकटा जातो त्यांच्याकडे."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही घरी असता कधी? आणि सांगितलं असतं तर म्हणाला असता, एका खोलीला दोन छपरं कशाला."

सभागृह असे हसले की दाराशी पाणी भरून ठेवलेले पेले किणकिणले. कंत्राटदार आधी लाल झाले, मग त्यांनाही राहवेना. भारदस्त माणूस हसू लागला की बाकाची परीक्षा होते. हसू ओसरता ओसरता ते जरा हळू आवाजात म्हणाले, "परवा माझ्या साइटवरचा बोर्ड वाचून दाखवला त्यानं. सगळा. मला वाटलं, आपोआप आलं."

तेवढ्यात चौथ्या ओळीतला एक उंच हात कोपरात वाकला. मग खिडकीजवळचा. मग दंतवैद्य बाईंचा. "आमचं रत्न दात छान मोजतं," त्या म्हणाल्या, "वाचताना मात्र अक्षरं गिळतं." मूल ताईंकडे जाते हे एरवी कोणी सांगत नसे, शेजाऱ्याला कळू नये म्हणून काहींनी आपापल्या मुलांना घरातही गप्प बसवले होते. पण पहिलीच्या बाकावर, गुडघ्यांत हनुवटी घालून, कोणी अब्रू ती कशी जपायची? बसचालकाचा एक हात पूर्ण वर राहिला आणि दुसरा अर्धा झाला.

"तुमचा कोणता?" मास्तरांनी विचारले.

"धाकटीचा. अर्ध्या फीची."

"म्हणजे अर्ध्याचा अर्धा."

"पाव लिहा, मास्तर. पावभर पोरीसाठी मी काही भांडणार नाही."

सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका बाईंचाही हात खांद्यापर्यंत होता. मास्तर पोहोचले तेव्हा त्या तो खाली घेऊ लागल्या. "आमची फी माफ आहे," त्या पुटपुटल्या. "आमचा हात धरायचा का?"

"हिशेबात शून्य, बाई," मास्तर म्हणाले. "पण खाली करू नका."

अर्धे हात सतरा भरले. त्यांतले बारा पूर्ण फीचे, चार निम्म्या फीचे, एक माफीचा. मास्तरांनी फळ्यावर लिहिले: बारा अधिक दोन अधिक शून्य, चौदा. मग कंत्राटदारांकडे वळून, प्रयोग समजावताना वापरत त्या स्वरात म्हणाले, "तुमची सूचना करून पाहू. वाचनाची जागा काढली. नव्वदमधून तीन साठ गेले, राहिले शहाऐंशी लाख चाळीस हजार. आणि हे चौदा गेले, तर दोनशेचे राहिले एकशे शहाऐंशी. भागा."

कंत्राटदारांनी फोनवर भागले. पुन्हा भागले. फोन शेजाऱ्याला दाखवला.

"शेहेचाळीस हजार चारशे बावन्न," ते शेवटी म्हणाले. "खर्च काढला आणि फी वाढली."

"थांबा, सगळे जातीलच असं मी म्हणत नाही," मास्तर घाईने म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण मास्तरांना राहवेना. "सभेत वर केलेला हात म्हणजे पुरावा नव्हे. समजा निम्मेच गेले, सातच. तरी फी येते चव्वेचाळीस हजार सातशे सदुसष्ट. सगळी जागा काढून वाचतात दोनशे तेहतीस."

"दोनशे तेहतीस," बसचालक म्हणाला. "एवढ्यात तर एक पंक्चर निघत नाही."

"मागे घेतो," कंत्राटदार म्हणाले. "आवळ्यासाठी कोहळा घालवायचा धंदा आपण करत नाही." आणि बायकोचा वाकलेला हात मनगटाला धरून त्यांनीच तो ताठ वर केला. त्याबरोबर खांद्याशी अडलेले हात इथून तिथून वर जाऊ लागले, आणि लोक ते जाताना मोजू लागले.

आता सभा आवरेना. लोकांना एका आकड्याची चव लागली होती. अधिक-वजा आणखी लहान करता येईल का, असे त्यांनीच विचारले. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे उघडले आणि पुष्कळ शाळांत असतो तो नियम सुचवला: मूल काढायचे असेल तर एक सत्र आधी लेखी कळवा, नाहीतर त्या सत्राची फी भरा. एरवी या नियमावर दोन तास वाद झाला असता. आज तो टाळ्यांत मंजूर झाला, आणि ज्यांनी हात वर केले होते ते सही करायला एवढ्या उत्साहाने धावले की नोंदवहीचा पुठ्ठा निघून आला.

मास्तर पुन्हा फळ्याशी गेले. बुडीत आठऐवजी दोन धरले तर चालेल. बदलीवाले गृहस्थ त्यांत आले. दोनशेचे झाले दोनशे सहा. मुलांची चूक सहांऐवजी दोनची. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: दीड हजाराचे झाले सातशे. "सातशे गुणिले दोनशे सहा," ते म्हणाले, आणि सभा म्हणाली, "एक लाख चव्वेचाळीस हजार दोनशे." म्हणजे राखीव तीन लाखांची गरज उरली नाही, दीड पुरे. नव्वदचे झाले साडेअठ्ठ्याऐंशी लाख.

कोणीच फोन काढला नाही. सगळे फळ्याकडे पाहत होते, आणि मास्तर मुद्दाम सावकाश भागत होते. चार, दोन, नऊ, सहा, एक.

"बेचाळीस हजार नऊशे एकसष्ट," दंतवैद्य बाईंनी वाचले.

"त्रेचाळीस हजार," मास्तर म्हणाले. "सुट्टे पैसे कोणाकडे नसतात."

पंचेचाळीसवरून त्रेचाळीसवर येण्याचा आनंद एवढा मोठा होता की एक्केचाळीसवरून त्रेचाळीसवर चढल्याचे दुःख कोणाच्या लक्षात आले नाही. मास्तरांच्या आले. दोन हजारांची वाढ झाली आहे, हे त्यांनी सभेला दोनदा सांगितले; सभेने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

मतदानाला मात्र गडबड झाली. पहिल्या मोजणीत दोनशे चार हात भरले आणि माणसेच तेवढी नव्हती. एका कुटुंबाला एक मत, आणि एका मताला एक हात, असे मुख्याध्यापिकाबाईंना स्टुलावर चढून सांगावे लागले. दुसऱ्या मोजणीत एकशे एकवीस कुटुंबांपैकी एकशे चौदांनी होकार दिला. सात जण विरोधात होते, आणि त्यांच्याशीही लोकांनी हस्तांदोलन केले.

"ताई," मुख्याध्यापिकाबाई स्टुलावरूनच मागच्या दाराकडे ओरडल्या, "उद्या कार्यालयात या. नेमणुकीवर सही करायची आहे."

"उद्या सुटी आहे," वाचनताई म्हणाल्या. "परवा येईन." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त मान ताठ झाली होती.

तेवढे ऐकून लोक तिकडे वळले. कंत्राटदार सगळ्यात पुढे, बायको त्यांच्या मागे. धाकट्याला आठवड्यातून किती वेळा पाठवायचे, घरी काय वाचून घ्यायचे, मोठ्याने की मनात, हे सगळे एकाच दमात विचारले जाऊ लागले.

"रांग," ताई म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या. आणि दिवसभर दुसऱ्यांना रांगेत उभे करणारी माणसे मुकाट्याने रांगेत उभी राहिली. माफीवाल्या बाई शेवटी उभ्या होत्या; त्यांना कंत्राटदारांनी आपल्या जागेवर आणून उभे केले आणि स्वतः मागे गेले.

मास्तर फळा पुसायला हात उचलत होते, थांबले. सवयीने त्यांनी रांग मोजली. मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजली.

"काय झालं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले. "आता काय चुकलं?"

"अर्धे हात सतरा होते," मास्तर म्हणाले. "जोडपी एकेक धरली तरी रांगेत तेवीस आहेत. सहा जणांनी तेव्हाही सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग माझा आकडा चुकला होता." त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत चालले होते आणि त्यांना ते आवरता येत नव्हते. "बराच चुकला होता, बाई. पार एक तृतीयांशाने."

त्यांनी खडू घेतला आणि सतरावर काट मारली.